दिवसाला चाळीस मिरे : काढा, जळजळ आणि तोंड येणं

पुसदच्या बाजारात किराणा दुकानावर ‘काढ्याचा मसाला द्या’ म्हटलं की अजूनही पुडी मिळते. करोना ओसरला, पण काढा घरात राहिला. थंडी पडली, घसा खवखवला किंवा शेजारी कुणाला ताप आला की पातेलं पुन्हा गॅसवर चढतं. आणि काही दिवसांतच त्याच घरातून दोन तक्रारी सुरू होतात. छातीत जळजळतं, आंबट पाणी वर येतं ही एक, आणि तोंड आलं, भाकरीचा घास लागत नाही ही दुसरी. मग पित्ताची गोळी येते, तोंडाला लावायचं जेल येतं, बी-कॉम्प्लेक्सची पट्टी येते. काढा मात्र चालूच असतो. तो औषध आहे, त्रास देणारा दुसराच कुणीतरी असणार, अशी घरातल्यांची खात्री असते.

अशा वेळी सगळ्यात आधी पातेल्यात पाहायला हवं. काढा चांगला की वाईट, या वादात शिरायची गरज नाही. आत काय आहे, किती आहे आणि दिवसातून किती वेळा पोटात जातं, एवढं मोजलं तरी बहुतेक उत्तर हाती येतं.

मुळात सरकारी सल्ला काय होता, ते आधी पाहू. ३१ मार्च २०२० रोजी केंद्राच्या आयुष मंत्रालयाने ज्या सूचना काढल्या, त्यांत तुळस, दालचिनी, काळी मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा दिवसातून एकदा किंवा दोनदा घ्यावा, असं म्हटलं होतं. चवीपुरता गूळ किंवा लिंबू चालेल, अशीही सोय होती. पुढच्याच महिन्यात याचं ठरीव प्रमाण ‘आयुष क्वाथ’ या नावाने आलं : तुळस ४ भाग, दालचिनी २ भाग, सुंठ २ भाग आणि काळी मिरी १ भाग. या मिश्रणाची ३ ग्रॅम पूड १५० मिलीलिटर उकळलेल्या पाण्यात टाकून चहासारखी प्यायची, तीही दिवसातून एकदा किंवा दोनदा. म्हणजे एका कपात मिरी जाते साधारण पाव ते अर्ध्या ग्रॅमच्या मध्ये, ०.३३ ग्रॅम. एक मिरा सुमारे ५० मिलिग्रॅमचा धरला तर हे सहा-सात मिरे झाले. सुंठ आणि दालचिनी प्रत्येकी पाऊण ग्रॅमच्या आत. मिश्रणातला सगळ्यात मोठा वाटा तुळशीचा आहे आणि सगळ्यात लहान मिरीचा, ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण घरोघरी नेमकं हेच उलटलं.

आता पुसदचं एक घर कल्पू. माणसं चार. आजी म्हणतात, ‘काढा कसा कडक पाहिजे, घशातून जाताना कळला पाहिजे.’ पातेल्यात दीड लिटर पाणी ठेवलं. त्यात मूठभर तुळस, सुंठीची पूड चहाचे दोन चमचे, मिरपूड एक चमचा, दालचिनीचे दोन मोठे तुकडे कुटून, आठ लवंगा, चमचाभर ओवा, चमचाभर हळद, बोटभर आलं किसून. कुणी सांगितलं म्हणून गुळवेलीचा तुकडा आणि जेष्ठमधही पडलं. हे निम्म्यावर येईपर्यंत उकळलं आणि चार कप भरले, माणशी एक. पहिला कप पहाटे रिकाम्या पोटी, दुसरा अकराच्या सुमारास, तिसरा संध्याकाळी, चौथा झोपताना. प्रत्येक खेपेला नवं पातेलं.

तराजू घेऊन बसलं तर हिशेब असा निघतो. सपाट चमचाभर सुंठपूड सुमारे दोन ग्रॅम भरते, मिरपूडही दोन ग्रॅमच्या थोडी वर. दालचिनीचे ते दोन तुकडे चार ग्रॅमचे धरू. चार कपांत वाटल्यावर प्रत्येक कपात सुंठ एक ग्रॅम, मिरी अर्धा ग्रॅम, दालचिनी एक ग्रॅम आणि दोन लवंगा. एक कप म्हणून पाहिलं तर हे फार वाटत नाही. पण चार वेळा घेतल्यावर दिवसाला सुंठ चार ग्रॅम, दालचिनी चार ग्रॅम आणि मिरी दोन ग्रॅम होते. दोन ग्रॅम म्हणजे चाळीस मिरे. आयुष क्वाथ दोनदा घेतला तरी मिरी ०.६७ ग्रॅम जाते. हे त्याच्या तिप्पट झालं. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियात मिरीच्या चूर्णाची दिवसाची मात्रा पाव ते एक ग्रॅम दिली आहे, सुंठीची एक ते दोन ग्रॅम आणि दालचिनीची एक ते तीन ग्रॅम. म्हणजे आयुर्वेदाच्याच पुस्तकाप्रमाणे या घरात तिन्ही वस्तू वरच्या मर्यादेच्या बाहेर गेल्या आहेत, आणि लवंग, ओवा, हळद, आलं यांचा हिशेब अजून धरलेलाच नाही. वर दोन वेळच्या जेवणात ठेचा आणि झणझणीत रस्सा आहेच. आपल्याकडे तिखटाला कुणी मोजत नाही.

काढा गाळला की नाही, यानेही मोठा फरक पडतो. अख्ख्या वस्तू जाड कुटून उकळल्या आणि गाळल्या, तर त्यांतला पाण्यात उतरेल तेवढाच अंश पोटात जातो. मिरीतलं पायपरिन पाण्यात फारसं विरघळत नाही. पूड टाकली की चित्र बदलतं. बारीक पूड चहाच्या गाळणीतून निसटते आणि कपाच्या तळाशी करडा-तपकिरी गाळ बसतो. ‘खरं औषध त्यातच असतं’ म्हणून तो हलवून प्यायला जातो. मग चमच्याने मोजलेली जवळजवळ सगळी मिरी जठराच्या अस्तरावर जाऊन बसते. आपल्या घरी जळजळ कशाने होते, हे शोधायचं असेल तर आधी कपाचा तळ पाहावा. गाळ दिसला तर निम्मं कारण सापडलं.

पोटात पुढे काय होतं, याचा एक जुना प्रयोग आहे. अमेरिकेत १९८७ साली निरोगी स्वयंसेवकांच्या जठरात नळीवाटे मसाले सोडून पाहिले गेले. दीड ग्रॅम काळ्या मिरीने जठरातलं आम्ल आणि पेप्सिन वाढलं आणि अस्तराच्या पेशी नेहमीपेक्षा जास्त गळाल्या. एकाच वेळी दीड ग्रॅम देणं आणि दिवसभरात दोन ग्रॅम विभागून घेणं यांत फरक आहे, हे मान्य. पण त्यावरून दिशा कळते. पहाटे रिकाम्या पोटी घेतलेल्या कपाला अडवायला जठरात अन्न नसतं. झोपताना घेतलेल्या कपानंतर माणूस आडवा होतो, त्यामुळे जे आम्ल सुटलं ते अन्ननलिकेत चढायला मोकळी वाट मिळते. म्हणजे घरोघरी काढ्यासाठी निवडलेल्या दोन आवडत्या वेळाच पित्ताला सगळ्यात सोयीच्या आहेत. त्यात लिंबू पिळलं की बाहेरूनही आंबट भर पडते.

तोंडाचं कारण थोडं वेगळं आहे. जिभेवर आणि गालाच्या आतल्या पातळ त्वचेत उष्णता ओळखणारे ग्राहक असतात. साधारण ४३ अंशांच्या वरची उष्णता त्यांना जागं करते. गंमत अशी की मिरीतलं पायपरिन आणि सुंठीतले तिखट घटक त्याच ग्राहकांवर काम करतात. त्यामुळे वाफाळता काढा त्यांना दोन बाजूंनी चेतवतो. आलं वाळून सुंठ होताना त्यातल्या जिंजेरॉलचा काही भाग शोगाओल नावाच्या अधिक तिखट घटकात बदलतो, म्हणून सुंठ ओल्या आल्यापेक्षा जास्त झोंबते. दालचिनीतलं सिनामाल्डिहाइड आणि लवंगेतलं युजेनॉल हे तर तोंडाच्या अस्तराला थेट त्रास देऊ शकतात. दालचिनीच्या स्वादाचं च्युइंगम किंवा टूथपेस्ट सतत वापरणाऱ्यांना तोंडात लाली, जळजळ आणि पांढुरके चट्टे येतात, हे दंतवैद्यांच्या चांगल्या ओळखीचं दुखणं आहे. काढा दिवसातून चार वेळा, घोट-घोट, तोंडात घोळवत घेणाऱ्याला तेच होऊ शकतं. एक-दोन घोट तोंड सोसतं. पण सकाळचा चट्टा भरायच्या आत अकराचा कप येतो आणि जखमेला उसंतच मिळत नाही.

काढ्याने आलेलं तोंड आणि एरवीचं तोंड येणं यांत बारीक फरक करता येतो. काढ्याचा त्रास बहुधा पसरलेला असतो. जीभ, विशेषतः तिच्या कडा, गालाची आतली बाजू आणि टाळू सगळीकडे सोलल्यासारखं, भाजल्यासारखं वाटतं आणि कप घेतल्यावर लगेच वाढतं. नेहमीचं तोंड येतं तेव्हा एक-दोन ठिकाणी गोल, पिवळट-पांढरे, लाल काठाचे व्रण असतात. ते लोह, बी-१२, फॉलिक आम्ल यांच्या कमतरतेने, जागरणाने, टोचणाऱ्या दाताने येतात आणि एक ते दोन आठवड्यांत आपले आपण भरतात. काढा असे व्रण निर्माण करतोच असं नाही, पण असलेल्यांना तो चिघळवतो. काढा बंद केल्यावर तीन-चार दिवसांत जळजळ निम्म्यावर आली, तर कारण कुठे होतं ते कळलं.

विदर्भात मात्र एक गोष्ट आधी विचारायला हवी : खर्रा खाता का? सुपारी, तंबाखू आणि चुना रोज गालात धरणाऱ्याच्या तोंडाची आतली त्वचा हळूहळू कडक आणि पांढरी पडत जाते. तिखट किंवा गरम लागलं की तोंड भाजणं, ही या आजाराची सुरुवातीची खूण आहे, आणि तो पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो. अशा माणसाला ‘काढा गरम पडला’ असं वाटतं आणि तो काढा सोडून खर्रा चालू ठेवतो. तोंड पूर्वीसारखं उघडत नसेल, तीन बोटं उभी धरून दातांमध्ये जात नसतील, तर काढ्याचा विचार नंतर करावा. आधी दंतवैद्याला तोंड दाखवावं.

हवामानाचाही इथे संबंध आहे. मंत्रालयाची सूचना मार्चअखेर आली, म्हणजे विदर्भात ऊन तापू लागण्याच्या दिवसांत. यवतमाळ जिल्ह्यात पुढे २०२१च्या फेब्रुवारीत पुन्हा निर्बंध लागले, आणि त्यानंतरचे महिने पुन्हा उन्हाळ्याचेच होते. अष्टांगहृदयाच्या ऋतुचर्येत ग्रीष्मात तिखट, आंबट आणि खारट टाळा असं स्पष्ट लिहिलं आहे. मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या पुढे असताना चार वेळा सुंठ-मिरीचा काढा घेणं आयुर्वेदाच्या नावाने चाललं खरं, पण आयुर्वेदाचा सल्ला तो नव्हता.

काढा सोपा करायला सुरुवात वजाबाकीने करावी. आधी सात दिवस काढा पूर्ण बंद. त्याने काही बिघडत नाही, कारण काढा घेतल्याने करोना किंवा फ्लू टळतो असं सिद्ध झालेलं नाही. घशाला मिळणारा आराम, नाक मोकळं होणं, शरीरात कोमट पाणी जाणं हे त्याचे खरे उपयोग, आणि ते साध्या कोमट पाण्यानेही बऱ्यापैकी मिळतात. या आठवड्यात ठेचा, लिंबू, लोणचं बाजूला ठेवावं, दहीभात, वरणभात, ताक असं साधं खावं आणि चहासुद्धा निवल्यावर घ्यावा. उष्णतेसाठी आपल्याकडे धन्याचं पाणी देतात, ते इथे बसतं. चमचाभर धने जाड कुटून रात्री कपभर पाण्यात भिजत घालावेत, सकाळी गाळून थोडी खडीसाखर घालून प्यावं. शार्ङ्गधरसंहितेत थंड पाण्यात भिजवून करायच्या या प्रकाराला हिम म्हटलं आहे आणि धन्याचा हिम अंगातल्या दाहावर सांगितला आहे.

दुसऱ्या आठवड्यात परत सुरू करायचं, ते एका माणसासाठी, एका कपापुरतं आणि दिवसातून एकदाच. तुळशीची सहा-सात पानं, मनुका चार आणि आल्याची नखाएवढी पातळ चकती घ्यावी. दीडशे-दोनशे मिलीलिटर पाणी उकळून गॅस बंद करावा, मग हे त्यात टाकून झाकण ठेवावं आणि सात-आठ मिनिटांनी गाळावं. उकळून आटवायचं नाही. तुळशीचा सुगंध उडून जाणाऱ्या तेलात असतो, उघड्या पातेल्यात अर्धा तास खदखदलं की स्वयंपाकघरात दरवळ सुटतो आणि कपात कमी उरतं. याउलट मिरी-सुंठीचा तिखटपणा सहजी उडत नाही, त्यामुळे पाणी निम्मं झालं की एकेका घोटातला तिखटपणा वाढतो. शार्ङ्गधराने कठीण मुळ्या-सालींसाठी आटवायचा क्वाथ वेगळा सांगितला आहे आणि गरम पाण्यात घालून गाळायचा फांट वेगळा. तुळशीसारख्या सुगंधी पानाला फांटच शोभतो.

घ्यायची वेळ नाश्त्यानंतर अर्ध्या तासाने. कप ओठांना सहज सोसेल इतका निवलेला असावा. ६५ अंशांच्या वरची पेयं नेहमी पिण्याने अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका संभवतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये जाहीर केलं. तेव्हा ‘गरमागरम घ्या’ हा आग्रह सोडावा. लिंबू पिळायचं नाही. गोडी हवी तर मनुका पुरते, नाहीतर गुळाचा लहानसा खडा.

चार दिवस हे निभलं, तर एक वस्तू वाढवावी, एका वेळी एकच. आल्याऐवजी दोन चिमूट सुंठ घालून चार दिवस पाहावं. मग दालचिनीचा नखाएवढा तुकडा, पुन्हा चार दिवस. मिरी सगळ्यात शेवटी, आणि तीही पूड न करता दोन मिरे जरासे ठेचून, गाळून. ज्या पायरीवर जळजळ परतली, ती वस्तू आपल्याला मानवत नाही. ती कायमची काढून टाकावी. दहा वस्तू एकत्र असतात तेव्हा दोष कुणाचा हे कधीच कळत नाही, ही अशा मिश्रणांची मुख्य अडचण आहे. लवंग, ओवा, हळद यांना या कपात जागाच नको. ती रोज फोडणीत आणि भाजीत पोटात जातातच.

गुळवेल आणि जेष्ठमध या दोन वस्तूंची गोष्ट निराळी. त्या झोंबत नाहीत, म्हणून निर्धोक वाटतात. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. ते सगळे गुळवेल घेत होते. ती नेमकी गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. कुंपणावरून तोडून आणलेल्या वेलीची ओळख घरी बसून पटत नाही, हे दोन्ही बाजूंना मान्य व्हावं. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर ती तिथेच थांबवावी आणि डॉक्टर गाठावा. जेष्ठमध घशाला आणि तोंडाला सुखावतं, म्हणून तोंड आलेला माणूस नेमकं तेच वाढवतो. पण त्यातलं ग्लिसरायझिन शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम घटवतं. रक्तदाबाच्या माणसाने रोजच्या काढ्यात ते घालू नये. हृदयविकारासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाच्या गोळ्या किंवा गरोदरपण असेल, तर साधा काढाही डॉक्टरांना सांगूनच घ्यावा.

पित्ताच्या गोळीबद्दल एवढंच की सकाळी पँटोप्राझोल घेऊन वर काढा पिणं ही उपचाराची रीत नव्हे. गोळी आम्ल कमी करते, तोंडातली आग तिच्या हाती नाही. काढा बंद करूनही दोन आठवडे जळजळ राहिली, घास गिळताना अडकू लागला, वजन उतरलं, उलटीत रक्त दिसलं किंवा शौच डांबरासारखं काळं झालं, तर दुर्बिणीने तपासणी करावी लागते. चालताना किंवा जिना चढताना छातीत जळजळून घाम फुटत असेल, तर ते पित्त धरून चालू नये, आधी ईसीजी काढावा. आणि तोंडातला कोणताही व्रण, दुखो वा न दुखो, तीन आठवड्यांत भरला नाही तर तो दाखवायचाच, मग त्या घरात काढा होत असो वा नसो.